दवाखान्याची वेळ बदलून मागताना: संदेश पाठवण्यापूर्वीची तयारी

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या बहुतेक दवाखान्यांत हल्ली वेळ बदलायची असेल, तर रिसेप्शनच्या मोबाइलवर चार ओळींचा संदेश पाठवायला सांगतात. तो संदेश वाचणाऱ्या मॅडमच्या समोर रुग्ण बसलेले असतात, हातात फाइल असते आणि दुसरा फोन वाजत असतो. म्हणून आपला मजकूर एकदाच वाचून कळेल असा हवा आणि त्यात कुठेही हुकूम सोडल्यासारखे वाटायला नको. शेजारच्या एका मुलीने असा एक मजकूर पाठवण्याआधी मला दाखवला होता. तोच पुढे ठेवून तयारीचा क्रम सांगतो.

लिहायला बसण्यापूर्वी आधीच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी किंवा दवाखान्याचा जुना संदेश, फाइल क्रमांक आणि गोळ्यांची पाकिटे जवळ घ्यावीत. गोळ्या किती तारखेपर्यंत पुरतील ते मोजून ठेवावे, कारण अपॉइंटमेंट चार-पाच दिवस पुढे गेली की मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांत खंड पडण्याची शक्यता असते आणि ही गोष्ट दवाखान्याला आपणच सांगायची असते. त्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासायची असेल, तर किमान आठ तास पोटात काही नसावे लागते. अशा वेळी नवी वेळही सकाळचीच मागावी. संध्याकाळची मिळून उपयोग नाही. रुग्णाला छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र वेळ बदलण्याचा विचारच करू नये. दवाखान्याला लगेच फोन करावा किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

मुलीने लिहिलेला मजकूर असा होता: “नमस्कार मॅडम, आईची परवाची अपॉइंटमेंट होती. आम्ही येत नाही. भाऊ अमरावतीला गेला होता म्हणून जमून नाही राहिलं. पुढच्या आठवड्यातली वेळ पाहिजे. गोळ्यांचं डॉक्टरला विचारून सांगून द्या. लवकर कळवा.” नागपुरात समोरासमोर कोणी असे बोलले, तर कोणालाही काही वावगे वाटणार नाही, बोलण्यातला सूर आणि शेवटी येणारा “जी” सारे सांभाळून घेतो. कागदावर किंवा पडद्यावर तो सूर नसतो. तिथे फक्त क्रियापदे उरतात, आणि या मजकुरातली जवळजवळ सगळी क्रियापदे चुकीच्या काळात पडली आहेत.

पहिल्याच वाक्यापासून पाहू. मराठीत “परवा” मागचाही असतो आणि पुढचाही. कोणता, ते क्रियापद ठरवते. “परवाची अपॉइंटमेंट होती” असे वाचले, की मॅडमना वाटणार की दोन दिवसांपूर्वीची वेळ चुकवून हे लोक आता नवी मागत आहेत. मॅडम वहीचे मागचे पान उलटतील, तिथे नाव सापडणार नाही आणि संदेश बाजूला पडेल. बोलताना आपण येणाऱ्या गोष्टीलाही “होती” म्हणतो, कारण मनात ती रद्द झालेली असते. दवाखान्याच्या वहीत मात्र ती वेळ अजून आपल्या नावावर आहे, म्हणून लिहिताना “आहे” हवे. “परवा” काढून वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहावीत. वार आणि तारीख दोन्ही असली, की आपल्या हातून एखादा आकडा चुकला तरी वाचणाऱ्याच्या ते लक्षात येते. “१०.३०” च्या आधी “सकाळी” लिहिणे विसरू नये; दोन्ही वेळा चालणाऱ्या दवाखान्यात त्या शब्दाशिवाय आकडा अपुरा असतो.

“आम्ही येत नाही” यात काळ आणि सौजन्य या दोन्ही गोष्टी एकदम बिघडतात. “येत नाही” ही सवय झाली, किंवा तोडून टाकलेले उत्तर. “येणार नाही” म्हटले तर काळ बरोबर होतो, पण तो आपण घेतलेला निर्णय वाटतो. जणू या दवाखान्यात यायचेच नाही. “येऊ शकलो नाही” हे तारीख उलटून गेल्यावरचे वाक्य आहे. आपल्याला सांगायचे आहे की येण्याची इच्छा आहे पण पुढच्या त्या दिवशी ते शक्य होणार नाही, आणि त्यासाठी मराठीत सरळ रचना आहे: “आम्हाला येता येणार नाही.” “आम्ही” चे “आम्हाला” झाले, की अडचण आपल्या इच्छेबाहेरची आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. “जमून नाही राहिलं” हे आपल्याकडचे बोलणे या क्षणाचे आहे. परवाच्या, म्हणजे येत्या गुरुवारच्या, गोष्टीसाठी “जमणार नाही” हवे, आणि “येता येणार नाही” लिहिल्यावर त्याचीही गरज उरत नाही.

कारण लिहिताना तर काळाकडे फारच बारकाईने पाहावे. “भाऊ अमरावतीला गेला होता” याचा अर्थ तो गेला आणि परतही आला. मग आईला घेऊन यायला अडचण कोणती, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल, आणि खरे कारणही सबब वाटू लागेल. तो अजून तिकडेच असेल, तर “गेला आहे” लिहावे. निघायचा असेल, तर “जाणार आहे”. त्याला जोडून तो कधी परतेल तेही द्यावे, म्हणजे नवी तारीख त्यानंतरची का मागितली आहे ते आपोआप कळते. कारण एका वाक्यात संपवावे. अमरावतीला कोणाकडे कार्य आहे, गाडीचे आरक्षण कधी झाले, हे मॅडमना नको असते.

आता मागणी. “वेळ पाहिजे” आणि “लवकर कळवा” ही दुकानात किंवा घरातल्या लहानाला सांगायची भाषा झाली. विनंतीचे दोन मार्ग आहेत. एक प्रश्नाचा: “वेळ मिळू शकेल का?” दुसरा विध्यर्थाचा: “वेळ द्यावी, ही विनंती.” मला स्वतःला वेळ मागताना प्रश्न जास्त योग्य वाटतो, कारण जागा रिकामी आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसते आणि प्रश्नात नकाराला वाट राहते. “कळवावे” मात्र विध्यर्थातच बरे. विध्यर्थ वापरताना लिंग सांभाळावे: ठरलेली वेळ स्त्रीलिंगी, म्हणून “वेळ द्यावी”, “वेळ द्यावा” म्हटले तर डॉक्टरांनी आपल्यासाठी अवधी काढावा असा अर्थ होतो. “पुढच्या आठवड्यातली” हेही मोघम आहे. दोन तारखा सुचवाव्यात. एकच दिली तर नकार आल्यावर सगळे पुन्हा लिहावे लागते, आणि चार-पाच दिल्या तर निवडीचे काम मॅडमवर पडते.

आदराची रूपे शेवटपर्यंत सारखी ठेवावीत. “डॉक्टरला” नव्हे, “डॉक्टरांना”. “डॉक्टर आहे का” नव्हे, “डॉक्टर आहेत का”. घरी आईला आपण एकेरीतच बोलतो, पण संदेशात तिचे पूर्ण नाव “श्रीमती” लावून आले, की पुढे “यांची”, “त्यांना” असेच चालवावे. एका वाक्यात “यांची” आणि दुसऱ्यात “तिला” झाले तर रुग्ण दोन आहेत की काय अशी शंका येते. “आपण” आणि “तुम्ही” यांतले एकच निवडावे. “सांगून द्या” हे हिंदीच्या सहवासातून आपल्या बोलण्यात आले आहे. लिहिताना “कळवावे” पुरते. “कृपया” एकदाच घालावे. “उपरोक्त विषयास अनुसरून” अशी कचेरीची भाषा इथे आणू नये, तिने सौजन्य वाढत नाही.

दिलगिरीच्या वाक्यात काळाची चूक हमखास होते, कारण ते वाक्य आपण पाठ केलेले असते. “झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व” हे घडून गेल्यावरचे आहे. आपण दोन दिवस आधी कळवत आहोत, गैरसोय व्हायची आहे, म्हणून “होणाऱ्या गैरसोयीबद्दल”.

हे सारे पाहून झाल्यावर मजकूर असा झाला: “नमस्कार मॅडम. माझी आई श्रीमती अमुक (फाइल क्रमांक अमुक) यांची गुरुवार, १२ मार्च रोजी सकाळी १०.३० ची अपॉइंटमेंट आहे. त्यांना घेऊन येणारा माझा भाऊ अमरावतीला गेला आहे व तो रविवारी परत येईल, त्यामुळे गुरुवारी आम्हाला येता येणार नाही. सोमवार, १६ मार्च किंवा मंगळवार, १७ मार्च रोजी सकाळची वेळ मिळू शकेल का? आईंच्या गोळ्या शनिवार, १४ मार्चपर्यंत पुरतील. त्यानंतर त्याच घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारून कृपया कळवावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. धन्यवाद.” “अमुक” च्या जागी नाव आणि क्रमांक घालावा. मूळ मजकुरापेक्षा हा लांब आहे, पण मॅडमना उलट फोन करून काही विचारावे लागणार नाही.

तारीख उलटून गेल्यावर लिहायची वेळ आली, तर याच मजकुराचे काळ बदलतात. मग “अपॉइंटमेंट होती”, “येता आले नाही, आधी कळवताही आले नाही” आणि “झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व” हीच रूपे बरोबर ठरतात, आणि भाऊ परतला असेल तर “गेला होता” हेही. नवी वेळ मागणारे वाक्य मात्र आहे तसेच राहते.

पाठवण्यापूर्वी मजकूर एकदा मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक क्रियापदापाशी थांबून हे झाले आहे, चालू आहे की व्हायचे आहे, एवढेच विचारावे. शक्यतो आदल्या दिवशी दुपारपूर्वी पाठवावा, म्हणजे ती सकाळची जागा दुसऱ्या रुग्णाला देता येते. उत्तरात नुसते “ओके” आले, तर जुनी वेळ रद्द झाली एवढेच धरावे. नवी मिळाली असे समजू नये. अशा वेळी “सोमवार, १६ मार्च, सकाळी १०.३० ही वेळ निश्चित झाली आहे का?” असे एका ओळीत विचारावे. तारीख आणि वेळ लिहून आली, की “धन्यवाद, आम्ही सोमवारी वेळेवर येऊ” असे कळवावे, आणि गोळ्यांबद्दलचे उत्तर राहिले असेल तर त्याच ओळीखाली पुन्हा विचारावे.