या चुका टाळा: द्राक्षांचा ब्रॉडकास्ट निम्म्या गिऱ्हाइकांपर्यंत का पोचत नाही?

जानेवारी उजाडला की दिंडोरी, निफाडकडचे बागायतदार नाशिकच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोचवायला लागतात आणि ऑर्डर बहुतेक व्हॉट्सॲपवरच येते. मग यादी बनते, ब्रॉडकास्ट जातो, आणि १५० नावांतून जेमतेम तीस-चाळीस जण उत्तर देतात. बाकीच्यांना द्राक्षं नको आहेत असं समजून शेतकरी भाव उतरवतो. ही पहिली चूक, कारण बऱ्याच जणांना मेसेज पोचलेलाच नसतो.

नियम असा: ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांच्या फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. त्यांचा नंबर तुमच्याकडे असून भागत नाही. मागे चॅट झालं असेल, पैसेही आले असतील, तरी चालत नाही. न मागितलेल्या मेसेजांचा मारा थांबावा म्हणून व्हॉट्सॲपने ही अट ठेवली आहे, आणि सेटिंगमध्ये ती बंद करायचं बटण शोधण्यात वेळ घालवू नका, तसं बटण नाही. एका यादीत २५६ जण बसतात, त्यामुळे १५० नावांच्या यादीत अडचण संख्येची नसते.

आता खरं कारण कसं ओळखायचं ते बघू. पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि Info उघडा. Read by वर अवलंबून राहू नका. ज्यांनी निळ्या टिक बंद केल्या आहेत ते वाचूनही तिथे दिसत नाहीत. Delivered to बघा, पण लगेच नाही. सकाळी पाठवलं तर रात्री बघा, कारण फोन बंद किंवा नेट नसलेलेही सुरुवातीला राहिलेल्यांतच दिसतात. समजा रात्री १५० पैकी ६० जणांना पोचलं. उरलेल्या नव्वदांतल्या पाच-सहा ओळखीच्या गिऱ्हाइकांना साधा वैयक्तिक मेसेज टाका: ‘ताई, या आठवड्यात पेटी ठेवू का?’ त्यावर दोन टिक आल्या आणि ब्रॉडकास्ट मात्र अडकलेलाच असला, तर त्यांच्याकडे तुमचा हा नंबर सेव्ह नाही असं धरून चाला. वैयक्तिक मेसेजही एकाच टिकवर राहिला तर फोन बंद असेल, नाहीतर ब्लॉक केलं असेल.

‘पण ताईंनी तर माझ्यासमोर नंबर सेव्ह केला होता!’ हे इतक्यांदा ऐकायला मिळतं की पेटीच बघावीशी वाटते. बहुतेक वेळा तिथेच घोळ सापडतो. पेटीवर छापलेला नंबर फोन उचलायच्या सिमचा आणि व्हॉट्सॲप बिझनेस चालतं दुसऱ्या सिमवर. गिऱ्हाईक पेटीवरचा नंबर सेव्ह करतं, ब्रॉडकास्ट जातो दुसऱ्याच नंबरवरून. नंबर बदलल्यावरही हेच होतं: व्हॉट्सॲप बदल कळवतं, पण समोरच्याच्या कॉन्टॅक्टमधला जुना नंबर त्याने स्वतः बदलेपर्यंत तसाच राहतो. पेटी, बिल आणि ब्रॉडकास्ट यांचा नंबर एकच ठेवा. एवढ्यानेच बरेच जण परत यादीत जिवंत होतात.

पेटीवर लिंक किंवा तिचा क्यूआर कोड छापणंही उपयोगी आहे. लिंक अशी, मध्ये अधिकचं चिन्ह किंवा शून्य न घालता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

पण लिंकने फक्त चॅट उघडतं, नंबर सेव्ह होत नाही. म्हणून चॅट उघडून गिऱ्हाइकाचा मेसेज आला की लगेच तुमचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा. त्यासाठी आधी स्वतःचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ‘द्राक्षे – दिंडोरी’ अशा नावाने ठेवा. कार्डवर टॅप केलं की समोरच्याला सेव्ह करायचा पर्याय येतो. सोबत कारणही लिहा: ‘गाडी गंगापूर रोडला कधी येणार ते याच नंबरवरून कळवतो, नंबर सेव्ह ठेवा.’ नुसतं ‘प्लीज सेव्ह’ लिहिलं तर कोणी हात हलवत नाही. नव्वद जणांना एका दमात कार्ड पाठवू नका. लोकांनी रिपोर्ट केलं तर खातंच बंद पडू शकतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांपासून थोडे थोडे करा आणि नंबर सेव्ह झाल्यावर भावाचा मेसेज नव्याने पाठवा.

काहीजण यावर स्टेटसचा उपाय सांगतात. तो इथे लंगडा आहे, कारण स्टेटस दिसायलाही दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह लागतात. सेव्ह न करणाऱ्यांसाठी चॅनेल आहे, पण तिथे लोकांनी आपणहून फॉलो करावं लागतं आणि ऑर्डर तिथल्या तिथे लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक पोस्टखाली वरची लिंक हवीच. मला सोसायटीनिहाय ग्रुप जास्त पटतो. फक्त ॲडमिन लिहू शकेल अशी सेटिंग ठेवली की गोंगाट होत नाही आणि नंबर सेव्ह असण्याची अट राहत नाही. लोकांना थेट ओढून घेण्याऐवजी आमंत्रणाची लिंक द्या. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर एकमेकांना दिसतात, त्यामुळे इंदिरानगरच्या गिऱ्हाइकांना गंगापूर रोडच्या ग्रुपमध्ये कोंबू नका.