‘यात काय दिसतंय बघ ना’ म्हणून एक्स-रेचा फोटो आला की या चुका टाळा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पुण्यात काम करते, आणि हे लिहितेय ते मुख्यतः नव्या मुलामुलींसाठी. इंटर्न, फिजिओ, एक्स-रे टेक्निशियन, आणि घरातले ते सगळे ज्यांना ‘मेडिकलला आहे ना, त्याला पाठव’ म्हणून फोटो येतात. कारण त्याच त्या चुका परत परत बघून आता खरंच कंटाळा आलाय, आणि त्यातल्या एकीपायी एका पोराचं मनगट कायमचं बिघडलेलं मी बघितलंय.

तीच आधी घेते. मनगटाचा फोटो बघायचा आणि ‘नॉर्मल आहे, काळजी नको’ लिहून मोकळं व्हायचं.

पावसाळ्यात आमच्याकडे हे कायमच चालू असतं. रस्ता ओला, खड्ड्यात पाणी, टू-व्हीलर घसरते, माणूस पडताना तळहात टेकवतो. असाच आमच्या ओळखीतला एक मुलगा, कॉलेजचं शेवटचं वर्ष, सिंहगड रोडला स्कूटर घसरून पडला. मनगट सुजलं, एक्स-रे काढला, आणि रिपोर्ट यायच्या आत फिल्मचा फोटो फॅमिली ग्रुपवर. ‘दादा, यात काय दिसतंय बघ ना.’ दादा म्हणजे चुलतभाऊ, तेव्हा इंटर्नशिप करत होता. त्याचं दोन मिनिटांत उत्तर, ‘फ्रॅक्चर नाहीये, लिगामेंटचं आहे, क्रेप बँडेज बांध आणि बर्फ लाव.’ सगळे खूश. मुलगा परत डॉक्टरकडे गेलाच नाही, कारण घरच्या डॉक्टरने सांगितलं होतं ना. काही महिन्यांनी तो माझ्याकडे सीटीला आला तेव्हा तक्रार अशी की डिप्स मारता येत नाहीत, गाडी स्टँडवर लावताना कळ येते. सीटीत स्कॅफॉइडचे दोन तुकडे वेगवेगळे, मधे रुंद फट, कडा गुळगुळीत आणि कडक झालेल्या, म्हणजे हाड जुळायचा प्रयत्न सोडून बसलेलं. पुढे ऑपरेशन, दुसरीकडचं हाड काढून तिथे भरलं, स्क्रू घातला. मनगट आजही पूर्ण वाकत नाही.

मी तो पहिला फोटो मागवून बघितला. त्यात खरंच फ्रॅक्चर दिसत नव्हतं! म्हणजे भावाची नजर चुकली नव्हती, त्याचं वाक्य चुकलं होतं, आणि हा फरक नीट समजून घ्या. त्या फोटोत मनगट फक्त समोरून होतं, बाजूने नाही, स्कॅफॉइडचा खास व्ह्यू नाही. स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या बुडाशी असलेलं छोटं हाड, साध्या समोरच्या फोटोत ते वाकून आखूड दिसतं, त्यामुळे त्याच्या कमरेतली बारीक चीर लपून जाते. मनगट करंगळीच्या बाजूला झुकवून व्ह्यू घेतला की ते लांब उघडून दिसतं. आणि सगळे व्ह्यू घेतले तरी पहिल्या दिवशी काही चिरा दिसतच नाहीत. दहा ते चौदा दिवसांनी चिरेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं तेव्हा रेघ उमटते, म्हणून तर पुन्हा एक्स-रे सांगतात, किंवा थांबायचं नसेल तर एमआरआय, त्यात पहिल्या एक-दोन दिवसांतच कळतं. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून आत येतं आणि मागे कोपराच्या दिशेला जातं. मधे चीर पडली की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो, मग हाड जुळत नाही किंवा तो तुकडा मरतो. म्हणून इथे ‘बघू काही दिवस’ महागात पडतं.

मग फोटो आल्यावर करायचं काय? मी फोटो उघडायच्या आधी माणसाबद्दल विचारते. कधी पडला, कसा पडला, वय काय, दुखतंय नेमकं कुठे. अंगठा ताणून वर उचलला की मनगटाच्या बाजूला जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखतंय का, तळहाताच्या बाजूला अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे दुखतंय का, अंगठा सरळ आत ढकलल्यावर कळ येते का. यातलं एक जरी ‘हो’ आलं तरी फोटोत काहीही दिसो वा न दिसो, माझ्यासाठी तो स्कॅफॉइड फ्रॅक्चर आहे असं धरूनच चालायचं. उलट मात्र खरं नाही, फोनवर ‘नाही दुखत’ म्हणाला म्हणून सुटका होत नाही, कारण स्वतः दाबताना लोक हळू दाबतात आणि भलतीकडे दाबतात.

त्या मुलाला जे उत्तर जायला हवं होतं ते साधारण असं: ‘फोटो बघितला. यात मनगटाची एकच बाजू आहे. मोठं हाड सरकलेलं मला यात दिसत नाहीये, पण यावरून फ्रॅक्चर नाही असं सांगता येणार नाही. तू पडलास तळहातावर आणि दुखतंय अंगठ्याच्या बुडाशी, त्या जागचं फ्रॅक्चर सुरुवातीला फोटोत दिसत नाही असं होतं. आजच्या आज नाहीतर उद्या ऑर्थोपेडिककडे जा, सोबत मूळ फिल्म आणि रिपोर्ट ने, स्कॅफॉइडचा संशय आहे असं सांग. तोवर हात हलवू नको, वजन उचलू नको, गाडी चालवू नको. रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं असेल तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा दाखवायचं.’ टाइप करायला तीन मिनिटं लागतात. ज्यांना तीन मिनिटं नाहीत त्यांनी ‘आत्ता बघता येत नाही, डॉक्टरांना दाखव’ एवढंच लिहावं, तेही ‘नॉर्मल’पेक्षा शंभरपट बरं.

त्यात बघा, निदान कुठेच नाही. काय दिसतंय, काय बघता येत नाहीये, आणि किती वेळात कोणाकडे जायचं, एवढंच आहे. ‘फ्रॅक्चर नाही’ आणि ‘या फोटोत मला फ्रॅक्चर दिसत नाही’ ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण पहिलं ऐकून माणूस घरी बसतो. माझ्या ज्युनिअर्सना मी पहिलं वाक्य लिहूच देत नाही.

आता दुसरी चूक, फोटोलाच एक्स-रे समजणं. ओरिजिनल इमेजमध्ये करड्या रंगाच्या हजारो छटा असतात, आम्ही स्क्रीनवर उजेड-अंधार कमीजास्त करून हाड वेगळं बघतो, मऊ भाग वेगळा बघतो. मोबाइलने काढलेल्या फोटोत त्यातलं बरंचसं जातं आणि व्हॉट्सॲप वरून आणखी दाबतं. खिडकीला धरलेली फिल्म, मागे ग्रिलच्या रेघा, वरून ट्यूबलाइटची चमक, आणि मग त्या चमकेला कोणीतरी ‘गॅप’ म्हणतं! फोटो घ्यायचाच असेल तर लॅपटॉपवर पांढरी रिकामी स्क्रीन लावा, खोलीतले दिवे बंद, फ्लॅश बंद, फोन फिल्मला समांतर धरा, फिल्मचे चारही कोपरे आले पाहिजेत, सगळ्या फिल्मचे फोटो पाठवा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोपरे यासाठी की नाव, तारीख आणि एल किंवा आर ही खूण तिथेच असते. ती कापली गेली की उजवा-डावा कळत नाही, फिल्म उलटी धरली होती का तेही कळत नाही, आणि फोटो मागच्या वर्षीचा आहे का हेही नाही. सेंटरने लिंक किंवा सीडी दिली असेल तर तीच मागवा. एवढं सगळं करूनही तो फोटोच राहतो. हाड उघड सरकलंय हे त्यात कळेल, बारीक चीर नाही हे कळणार नाही.

उलट्या बाजूची चूकही तितकीच होते, दिसेल त्या रेघेला ‘हेअरलाइन’ म्हणणं. लहान मुलांत तर फारच. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पाय मुरगळतो, करंगळीच्या मागच्या हाडाच्या बुडाशी बाहेरच्या अंगाला एक वेगळा चपटा तुकडा दिसतो, की झालं, घरभर रडारड. बऱ्याचदा ती वाढीची जागा असते आणि तिची रेघ हाडाच्या लांबीला समांतर जाते, फ्रॅक्चरची रेघ सहसा आडवी जाते. पण हेही फोटोवरून ठरवून टाकू नका, दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि त्या जागी बोट ठेवल्यावर मूल ओरडतंय की नाही हे व्हॉट्सॲपवर दिसत नाही. लहान मुलाचा कोपर असेल तर एक अक्षर बोलू नका, तिथे वयानुसार हाडाचे तुकडे एकेक करून उगवत असतात, सरळ ऑर्थोकडे पाठवा.

छातीच्या फोटोत गोल ठिपका दिसला म्हणून ‘टीबी’ किंवा ‘गाठ’ लिहू नका. कित्येकदा ती स्तनाग्राची सावली निघते, आणि ते ठरवायचं काम रिपोर्ट करणाऱ्याचं.

दुसऱ्याचा लेखी रिपोर्ट फोटो बघून खोडू नका. शंका वाटली तर पेशंटला सांगा की रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांनाच फोन करून विचार, आम्ही अशा फोनला उत्तर देतो आणि इमेज पुन्हा उघडून बघतो.

काही वेळा फोटो बघायचाच नसतो. बोटं थंड किंवा निळी पडलीत, बधिर झालीत, हाड वाकडं दिसतंय, जखमेतून हाड दिसतंय किंवा रक्त थांबत नाहीये, मानेला-पाठीला मार आहे आणि हातपायात जोर नाही, तर उत्तर एकच, लगेच हॉस्पिटल, लागली तर १०८. प्लास्टर घातल्यावर दुखणं वाढत चाललंय, गोळीने थांबत नाही, कोणी बोटं सरळ केली तर किंचाळायला होतं, हेही त्यातच धरा. हातात दाब वाढत असतो तेव्हा काही तासांत स्नायू मरतात, आणि ते एक्स-रेत दिसत नाही. अशा वेळी लोक फोटो झूम करत बसतात याचा मला खरंच त्रास होतो.

आणि फोटो पुढे पाठवू नका. मत घ्यायला सिनिअरला पाठवायचा तर पेशंटला विचारून, नाव झाकून, पण तारीख आणि एल-आरची खूण तशीच ठेवून. डॉक्टर असाल तर तुमचं उत्तर म्हणजे कन्सल्टेशनच धरलं जाऊ शकतं. २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्स एकदा स्वतः वाचा. समोर बघणं गरजेचं असेल तर तसं सांगायची जबाबदारी त्यात आपल्यावरच आहे. असं उत्तर दिलं की मी फोनमध्ये दोन दिवसांनंतरचं रिमाइंडर लावते आणि विचारते, ‘दाखवलं का, स्लॅब घातला का?’ बरेच जण तेव्हाच जातात.