खोके आणि पाकिटे उचलणारा व्हॅक्यूम ग्रिपर: कप, पंप आणि हवेचा हिशेब

ग्रिपरमधून खोके सुटायला लागले की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'जास्त व्हॅक्यूमचा पंप लावा'. काचेसाठी किंवा पत्र्यासाठी तो चालेल, पुठ्ठ्यासाठी नाही. पुठ्ठ्यातून हवा सतत झिरपते. उणे ०.९ बारपर्यंत जाणारा पंपसुद्धा ती हवा उपसताना दमला, तर कपाखाली उणे ०.१ बारच उरतो आणि खोका जमिनीवर येतो. पंपाची कमाल ताकद बाजूला ठेवा आणि झिरपणारी हवा उपसत असताना कपाखाली किती व्हॅक्यूम टिकतो ते बघा.

उदाहरण म्हणून जळगाव एमआयडीसीतल्या एखाद्या डाळमिलमधला नेहमीचा माल घेऊ. तूरडाळीची १ किलोची पाकिटे, एका खोक्यात दहा, भरलेला खोका साडेदहा किलो.

कपाचा आकार

खोक्यासाठी उणे ०.३ बार धरा. (गेज पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असेल तर साधारण २२५.) कॅटलॉगमधली ताकद बहुधा उणे ०.६ बारला दिलेली असते आणि पुठ्ठ्यावर ती मिळत नाही. तो आकडा वाचून कप घेतले की निम्मीच पकड हाती येते.

उणे ०.३ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३ किलो ओढ. ६० मिमी कपाचे क्षेत्रफळ २८ चौ. सेंमी, म्हणजे एका कपाला साडेआठ किलो आणि चार कपांना ३४ किलो. आता गरज किती ते बघू. खोका वर उचलताना गुरुत्वाच्या निम्मा वेग-बदल धरला तर साडेदहाचे पावणेसोळा किलो होतात. त्यावर दुप्पट सुरक्षितता घेतली की साडेएकतीस. म्हणजे ६० मिमीचे चार कप पुरतात, पण जेमतेम.

खोका आडवा नेताना हिशेब बदलतो, कारण तेव्हा त्याला फक्त घर्षण धरून ठेवते. पुठ्ठ्यावर घर्षणांक ०.५ धरला तर तोच निम्मा वेग-बदल आडव्या दिशेने दिल्यावर गरज ४२ किलोंवर जाते. मग ७५ मिमी कप घ्या, नाहीतर आडवा वेग-बदल निम्मा करा. वरच्या बाजूला जागा कमी असेल तर वेग कमी करणेच बरे.

खोक्याला भात्यासारखी दीड घडी असलेले पॉलियुरेथेन कप लावा. पुठ्ठ्यावर घासून ते लवकर झिजत नाहीत. मधल्या टेपवर किंवा फटीवर कप येऊ देऊ नका. टेपच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कप बसवा. वरून उचलताना सगळा भार झाकणाच्या पाळ्यांवर आणि टेपवर येतो. त्यामुळे टेप स्वस्तातली असेल तर ग्रिपर कितीही चांगला असला तरी तळ निसटतो किंवा पाळी उघडते.

गळती मोजणे: इथे घाई नको

पंप किती मोठा हवा हे कॅटलॉग सांगू शकत नाही, कारण तुमचा पुठ्ठा त्यात नाही. कागदाचा दर्जा, छपाई आणि ओलावा बदलला की गळती बदलते. म्हणून मोजा. त्यासाठी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालून व्हॅक्यूम तयार करणारा, ज्याचा हवा-ओढीचा तक्ता हातात आहे असा एक छोटा इजेक्टर, एक गेज आणि प्रत्यक्ष लावणार तोच एक कप पुरे.

भरलेल्या, टेप लावलेल्या खोक्यावर कप ठेवा आणि इजेक्टर चालू करा. गेज कपाजवळच जोडा. काटा स्थिर झाला की वाचा आणि इजेक्टरच्या तक्त्यात त्या व्हॅक्यूमला तो मिनिटाला किती लिटर ओढतो ते बघा. काटा स्थिर आहे याचा अर्थ तेवढीच हवा पुठ्ठ्यातून आत येते आहे, म्हणजे ती तुमच्या एका कपाची गळती. काटा उणे ०.४५ वर थांबला तर उणे ०.३ ला गळती साधारण दोन तृतीयांश धरा. पुठ्ठ्यातली गळती ढोबळमानाने व्हॅक्यूमच्या प्रमाणात असते.

एकाच खोक्यावर मोजून थांबू नका. वेगवेगळ्या लॉटचे दहा-बारा खोके घ्या, छापील आणि कोऱ्या जागेवर मोजा आणि सरासरी सोडून सगळ्यात वाईट आकडा धरा. बंद पडणारी लाइन त्या वाईट खोक्यावरच बंद पडते. पावसाळ्यात ओल धरलेला पुठ्ठा मऊ पडून कपाखाली वाकतो, तेव्हा श्रावणात पुन्हा मोजा.

समजा वाईट खोक्यावर उणे ०.३ बारला मिनिटाला ३६ लिटर आले. चार कपांचे १४४, त्यावर दीडपट राखीव धरले की साधारण २१५ लिटर. पंपाकडून हवे आहेत ते उणे ०.३ बारला २१५ लिटर. पाटीवरचा मोठा आकडा उघड्या तोंडाचा असतो, त्यावर भुलू नका.

पंप

फिरत्या पात्यांच्या व्हेन पंपाच्या पाटीवर ताशी २५ घनमीटर लिहिले असेल तर ते मिनिटाला ४१७ लिटर. पण उणे ०.३ बारला आत येणारी हवा विरळ असते, म्हणून मोकळ्या हवेच्या हिशेबाने त्याचे ७० टक्के, म्हणजे २९० च्या आसपास उरतात. हा पंप पुरतो. ताशी १६ घनमीटरचा १८७ वरच अडकतो.

इजेक्टर घ्यायचा तर बहुटप्पी घ्या आणि कॉम्प्रेसरकडे आधी बघा. एक एचपी कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण १०० ते ११५ लिटर हवा देतो, तेव्हा पुठ्ठ्यावर सतत चालणारा इजेक्टर त्याला सहज झोपवतो. व्हॅक्यूम पुरेसा झाला की आपोआप थांबणारा 'हवा वाचवणारा' इजेक्टर खोक्यांसाठी घेऊच नका. गळतीमुळे तो सारखा चालू-बंद होतो आणि वाचत काहीच नाही. दिवसभर खोकी उचलायची असतील तर व्हेन पंपच बरा. मात्र बऱ्याच पंपांना खोलीच्या तापमानाची ४० अंशांची मर्यादा असते. खानदेशातल्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ती सहज ओलांडली जाते, म्हणून पंप सावलीत आणि वारा लागेल असा ठेवा.

नळी

चांगला पंप अरुंद नळीने वाया जातो. २१५ लिटरसाठी मुख्य नळीचा आतला व्यास १९ मिमी ठेवा, कपांकडे जाणाऱ्या फांद्यांचा किमान ६ मिमी. लक्षात घ्या, ८ मिमी पीयू पाइप म्हणजे बाहेरून ८, आतून पाच-साडेपाच. शंका असेल तर दोन गेज लावा, एक पंपाजवळ, एक कपाजवळ. पंपाजवळ उणे ०.५ आणि कपाजवळ उणे ०.१५ दिसले तर दोष नळीत, जोडात किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये आहे. मोठा पंप आणून तो जाणार नाही.

पाकिटे

प्लॅस्टिकमधून हवा झिरपत नाही, ती सुरकुत्यांतून येते. पातळ ओठाचे, अडीच किंवा साडेचार घड्यांचे सिलिकॉन कप घ्या. खोक्याच्याच हिशेबाने १ किलोच्या पाकिटाला गरज ३ किलोंची. ४० मिमीचे दोन कप उणे ०.२ बारला ५ किलो देतात. व्हॅक्यूम याहून वाढवला तर प्लॅस्टिक कपात ओढले जाते, सुरकुत्या वाढतात आणि पकड उलट सुटते. आत आधाराच्या फासळ्या असलेला कप असेल तर हे कमी होते.

खोके आणि पाकिटे एकाच पंपावर चालवायची असतील तर वेगळ्या फांद्या आणि वेगळे व्हॉल्व्ह ठेवा, नाहीतर एका बाजूचा उघडा कप दुसऱ्या बाजूचा माल पाडतो.

डाळीच्या भुकटीसाठी, आणि नंदुरबारकडच्या मिरची पावडरसाठी तर नक्कीच, पारदर्शक भांड्याचा फिल्टर लावा. व्हॅक्यूम स्विच खोक्यांना उणे ०.२५ वर ठेवा. उणे ०.६ वर ठेवला तर यंत्र 'पकड नाही' म्हणून उगाच थांबेल. वीज गेली की पुठ्ठ्याखालचा व्हॅक्यूम क्षणात संपतो, टाकी लावली तरी फार टिकत नाही. त्यामुळे उचललेल्या खोक्याखाली माणूस येणार नाही अशी जाळी हवीच.