एकुलत्या एका मुलीची केंद्रीय विद्यालयातली फी अशी माफ करून घ्या

बेळगाव किंवा सदलग्याच्या केंद्रीय विद्यालयात लेकीचं नाव घातलेल्या बऱ्याच पालकांना वाटतं, 'मुलगी आहे, म्हणजे फी माफच.' ते अर्धंच खरं. मुलींना माफ असते ती शिक्षण फी. विद्यालय विकास निधीचे महिन्याला 500 आणि तिसरीपासून संगणक निधीचे 100 रुपये तिलाही भरावेच लागतात. फी तीन महिन्यांची एकदम घेतात, म्हणजे सातवीतल्या मुलीचे दर तिमाहीला 1,800 रुपये झाले.

मुलगी एकुलती एक असेल तर सहावीपासून हे 1,800 रुपयेही सुटतात आणि वर्षाचे 7,200 वाचतात. जुळ्या मुली असतील आणि तिसरं अपत्य नसेल, तर त्याही यात धरतात. धाकटा भाऊ असेल तर मात्र ही सवलत नाही. दोन भावंडं एकाच शाळेत आहेत म्हणून इथे फी कमी होत नाही, तेव्हा त्यासाठी ऑफिसात हेलपाटे घालू नका.

पाचवीचा निकाल लागला की लगेच प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. पहिलीचा प्रवेश एकुलत्या एका मुलीच्या कोट्यातून झाला असला तरी, सहावीत आपोआप माफी लागेल असं धरून चालू नका. अर्जासोबत मुलीचा जन्मदाखला, रेशनकार्डाची प्रत आणि दुसरं अपत्य नसल्याचं दोघा पालकांचं शपथपत्र लागतं. ते नोटरीसमोर चालेल की दंडाधिकाऱ्यांसमोरच हवं, हे स्टॅम्प घेण्याआधी शाळेत विचारा. शपथपत्र बेळगावात करायचं तर स्टॅम्पही कर्नाटकचाच हवा. चंदगडच्या पाहुण्यांकडून आणलेला महाराष्ट्राचा स्टॅम्प इथे उपयोगाचा नाही.

खरी अडचण येते ती नावाची. रेशनकार्ड कन्नडमध्ये, शपथपत्र इंग्रजीत, आणि आईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. जन्मदाखला पुढ्यात ठेवूनच टायपिस्टला अक्षर न् अक्षर सांगा. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या.

माफी लागली की नाही, हे पुढच्या तिमाहीच्या चलनावर कळतं. विकास निधीपुढे 500 च्या पटीतला आकडा अजून दिसत असेल, तर पैसे भरण्याआधी वर्गशिक्षकांना गाठा. एकदा भरलेले पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं. पुढे घरात दुसरं मूल आलं, तर शाळेला कळवणं तुमच्यावर आहे.

केंद्रीय विद्यालयाच्याच कर्मचाऱ्यांच्या मुलांना शिक्षण फी माफ असते. पोस्टात, रेल्वेत किंवा केंद्राच्या दुसऱ्या खात्यात असलेल्यांसाठी वेगळी वाट आहे, बाल शिक्षण भत्त्याची. जानेवारी 2024 पासून तो पहिल्या दोन मुलांसाठी दरमहा, मुलामागे 2,812.50 रुपये आहे. प्रत्यक्ष फी किती भरली यावर तो अवलंबून नाही, म्हणून लेकीची सगळी फी माफ झाली तरी तो मागता येतो. आर्थिक वर्ष संपल्यावर शाळेकडून मूल तिथे शिकत असल्याचा दाखला घ्या आणि आपल्या खात्यात दावा लावा.