तापात अंघोळ: करावी की नाही यापेक्षा कधी करावी हे महत्त्वाचं

फ्लूच्या तापात अंघोळ केली तर चालते. केस धुतले तरी चालतात. 'ताप अंगात मुरतो', 'डोक्यात जातो', 'पाणी घेतलं की न्यूमोनिया होतो' यातलं काही होत नाही. फ्लूचा विषाणू नाका-घशातून आधीच आत शिरलेला असतो; बादलीभर पाण्याने तो वाढत नाही आणि वाहूनही जात नाही. 'गार पाणी घे, ताप झटक्यात उतरेल' हा सल्ला मात्र वरच्या तिन्हींपेक्षा जास्त त्रास देतो. अंघोळ घाम, चिकटपणा आणि आंबूस वास घालवण्यासाठी करायची, ताप उतरवण्यासाठी नाही.

वेळ निवडणे

सगळी गोम इथे आहे. पाणी गरम होतं की गार, डोक्यावरून घेतलं की खांद्यावरून, यावर घराघरांत वाद होतात. ताप कोणत्या टप्प्यावर होता, हे मात्र कोणी विचारत नाही.

ताप तीन टप्प्यांत येतो. मेंदूत शरीराचं तापमान ठरवणारा भाग असतो. एरवी तो ९८-९९ फॅरनहाइटवर लावलेला असतो. संसर्गात तो वर सरकतो, समजा १०२ वर. आता शरीर ९९ वर आहे आणि हवंय १०२. म्हणजे मेंदूच्या हिशेबाने तुम्ही 'गार' आहात. मग हातपाय थंड पडतात, कणकण येते, हुडहुडी भरते, दोन गोधड्या पुरत नाहीत. हा चढता ताप. १०२ गाठला की थंडी थांबते, अंग कोरडं आणि कढत लागतं. हा टिकलेला ताप. गोळीने किंवा आपोआप मेंदूतला आकडा खाली आला की शरीर जास्तीची उष्णता बाहेर टाकतं. पाय गरम होतात, कानामागे, मानेवर, पाठीवर घाम फुटतो, पांघरूण नकोसं होतं. हा उतरता ताप.

अंघोळ फक्त तिसऱ्या टप्प्यात. चढत्या तापात कोमट पाणीही बोचतं आणि गार पाणी तर उलटंच काम करतं: कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच कोंडते, आणि शरीर कुडकुडून स्नायूंमधून आणखी उष्णता तयार करतं. कातडी हाताला गार लागते म्हणून घरचे खूश होतात, पण थर्मामीटर लावला तर आकडा तिथेच असतो किंवा वर गेलेला असतो. गार पाण्याच्या अंघोळीनंतर माणूस दात वाजवत बाहेर आला, तर ताप उतरतोय असं समजू नका.

टप्पा ओळखायचा कसा? कपाळाला हात लावून कळत नाही. पावलं चाचपा. कपाळ गरम आणि पावलं गार असतील तर ताप चढतोय, थांबा. पावलं गरम आणि मान ओलसर असेल तर उतरतोय, पाणी काढा. खात्रीसाठी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने दोनदा थर्मामीटर लावा. दुसरा आकडा कमी हवा, आणि १०० च्या आसपास असला तर उत्तम.

डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घेतली असेल तर ही वेळ साधारण ठरलेली असते. गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. घेतल्यापासून एक ते दोन तासांतली वेळ अंघोळीची. अंघोळ करायची म्हणून गोळी लवकर किंवा जास्त घेऊ नका. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा.

'अंघोळ केली आणि ताप आला'

समजा, फ्लूचा तिसरा दिवस आहे. सकाळी आठला ताप १०१.५, गोळी घेतली. पावणेनऊला घाम आला, सव्वानऊला थर्मामीटर ९९.४ दाखवतो. बरं वाटलं म्हणून साडेनऊला डोक्यावरून अंघोळ. दुपारी एकला पुन्हा कणकण, दीडला ताप १०१. घरात एकच वाक्य: "सांगितलं होतं, डोक्यावर पाणी घेऊ नकोस."

खरं तर एक वाजता आठची गोळी संपली. भर म्हणून शरीराचं तापमान तसंही पहाटे सगळ्यात कमी आणि दुपार-संध्याकाळी जास्त असतं, तापातही तोच क्रम राहतो. खातरजमा करायची असेल तर आदल्या दिवसाचे आकडे बघा. काल अंघोळ नव्हती, तरी सकाळच्या गोळीनंतर चार-पाच तासांनी ताप वर आला होता ना? म्हणून ताप, गोळी आणि अंघोळ यांच्या वेळा एका कागदावर लिहीत जा. डॉक्टरही तोच कागद आधी मागतात.

पाणी

कोमट म्हणजे ३७-३८ अंश सेल्सियस. थर्मामीटर नको, विसणाचं गणित पुरतं: दोन लिटर उकळतं पाणी आणि नऊ-साडेनऊ लिटर नळाचं, जर नळाचं पाणी २५ अंशांच्या आसपास असेल. थंडीत ते १८ पर्यंत उतरतं, तेव्हा दोन लिटरला सहाच लिटर विसण. आधी गार ओता, मग उकळतं. पाणी दुसऱ्या कोणीतरी कोपराने तपासावं. तापलेल्या माणसाचा अंदाज चुकतो. अंगच तापलेलं असेल तर योग्य कोमट पाणीही त्याला गार वाटतं, आणि मग तो 'अजून गरम घाल' म्हणतो.

कढत पाणी का नको? त्याने रक्तवाहिन्या फुलतात, रक्तदाब उतरतो, आणि तापात अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. उभ्याने गरम शॉवर घेताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. म्हणून अंघोळीआधी पेलाभर पाणी किंवा पेज प्या, स्टुलावर बसून अंघोळ करा, पाच-सात मिनिटांत उरका, आणि आतून कडी लावू नका.

गॅस गिझर न्हाणीघरातच असेल तर वाऱ्याच्या भीतीने खिडकी बंद करून तो चालू ठेवणं जिवावर बेततं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तापात गुंगी आली तर कोणाला वेगळं काही वाटतही नाही. बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मग आत जा.

केस

केस धुण्यात धोका नाही, ओले ठेवण्यात त्रास आहे. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं: शंभर मिलिलिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८ किलोकॅलरी लागतात, आणि साठ किलोच्या माणसाचं तापमान एक अंश सेल्सियसने बदलायला सुमारे ५०. वाळताना सगळी उष्णता अंगातून जात नाही, बरीच हवेतून येते. तरीही पाठीवर ओला शेपटा घेऊन पंख्याखाली बसलेल्याला पुन्हा हुडहुडी का भरते, हे यावरून कळेल. ती नवी सर्दी नव्हे. पण आजारी माणसाला कुडकुडणं दमवतं, आणि स्नायू आधीच ठणकत असतात.

पहिले दोन दिवस, ताप १०२-१०३ पर्यंत जात असताना, केस धुऊच नका. त्याने बिघडणार काही नाही, पण वाकून डोकं धुवायला आणि अर्धा तास केस वाळवायला लागणारी ताकद तेव्हा नसते. सैल वेणी घाला, टाळूला घाम आला तर कोरड्या पंचाने टिपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, उतरत्या तापात, दुपारी बारापर्यंत धुवा. संध्याकाळी नको, तेव्हा ताप चढणीला असतो.

क्रम उलटा ठेवा: आधी अंग, शेवटी डोकं. आपण एरवी डोक्यापासून सुरुवात करतो आणि ओले केस सगळी अंघोळभर पाठीवर गळत राहतात. शाम्पू एकदाच, तेल लावून ठेवणं, शिकेकाई भिजवणं, दोनदा धुणं बरं झाल्यावर. धुतल्याबरोबर पंचा गुंडाळून दाबा, चोळू नका. पहिला पंचा भिजला की तो टाकून दुसरा कोरडा घ्या. दुसऱ्या पंचाने जेवढं पाणी निघतं तेवढं पहिला पिळून पुन्हा वापरल्याने निघत नाही. मग हेअर ड्रायर मध्यम आचेवर, वीतभर लांबून, मुळांपासून. टोकं किंचित दमट राहिली तर चालतात, टाळू कोरडी हवी. ड्रायर नसेल आणि केस कमरेपर्यंत असतील, तर सरळ ताप जाईपर्यंत थांबा.

बाहेर आल्यावर सुती कपडे, एक पातळ चादर. स्वेटर आणि घोंगडी घालून 'घाम काढणं' नको, उतरणारी उष्णता त्यात अडकते.

अंघोळ झेपत नसेल तर

कोमट पाण्यात पंचा पिळून तोंड, मान, काखा, जांघा, पावलं या क्रमाने पुसा. एक भाग पुसला की लगेच कोरडा करा. कपाळावर घड्या ठेवल्या तर डोळ्यांना बरं वाटतं, एवढंच. मीठ घातल्याने त्यात फरक पडत नाही. कोलनवॉटर किंवा स्पिरिट अंगाला चोळू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही, ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं. पाच वर्षांखालच्या मुलांना ताप उतरवण्यासाठी ओल्या कपड्याने पुसू नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते. मूल रडतं, कुडकुडतं आणि ताप हटत नाही. मळलेलं अंग पुसायला मात्र हरकत नाही.

हे नियम कुठे लागू नाहीत

उन्हात काम करून किंवा चालून कोसळलेला, बरळणारा, १०४ च्या वर तापलेला माणूस म्हणजे उष्माघात. तिथे मेंदूतला आकडा वर सरकलेला नसतो, शरीर हताश होऊन तापलेलं असतं. गोळीचा उपयोग नाही. गार पाणी ओतत, पंखा लावत दवाखान्यात न्यायचं.

दुसरी जागा पावसाळ्यातल्या डेंग्यूची. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो आणि 'आता बरा आहे, अंघोळ घाल' असं सुचतं. ताप उतरूनही हातपाय गार-ओलसर असतील, पोट दुखत असेल, सारख्या उलट्या होत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा चार-सहा तास लघवी झाली नसेल, तर बादली बाजूला ठेवून रुग्णालय गाठा. धोक्याचे दिवस तिथे ताप उतरल्यावर सुरू होतात. फ्लूमध्येही धाप लागली, ग्लानी आली किंवा एकदा गेलेला ताप दोन दिवसांनी जोरात परतला तर तेच करा.