फर्स्ट पीयूसीच्या केमिस्ट्रीसाठी एक आठवडा, आणि त्यात फक्त अमोनिया

खानापूर तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठीतून शिकले आणि बेळगावच्या कॉलेजात फर्स्ट पीयूसी सायन्स घेतलं. संयुजा, सहसंयुज बंध हे शब्द पाठ होते, पण तिथं सगळं इंग्रजीतून. मोलच्या पहिल्याच टेस्टमध्ये मार्क गेले ते मात्र भाषेमुळे नाहीत. ग्रॅममधले आकडे मी थेट समीकरणात घातले होते. सहामाहीला स्टॉइकिओमेट्री आणि बाँडिंग हे दोन धडे होते आणि हातात एकच आठवडा होता.

सोमवार-मंगळवार मी फक्त ग्रॅमचे मोल आणि मोलचे ग्रॅम करत बसले. सोबतीला घरातली युरियाची गोणी घेतली. युरिया म्हणजे CO(NH₂)₂. कार्बन १२, ऑक्सिजन १६, दोन नायट्रोजन २८, चार हायड्रोजन ४, एकूण ६०. नायट्रोजनचा वाटा २८ भागिले ६०, म्हणजे सुमारे ४६.७ टक्के. गोणीवर ४६ टक्के छापलंय. खतात थोडा ओलावा आणि इतर अंश असतो, म्हणून आकडा जरा खाली. ४५ किलोच्या गोणीतून उसाला किती नायट्रोजन मिळतं ते मी बाबांना काढून दाखवलं: जवळजवळ २०.७ किलो. टक्केवारीची गणितं त्यानंतर कधी अडली नाहीत.

बुधवार पूर्ण लिमिटिंग रिएजंटला द्या. या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ इथंच लागतो. माझं गणित असं होतं: १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजन, तर अमोनिया किती?

N₂ + 3H₂ → 2NH₃

हायड्रोजन ग्रॅममध्ये कमी दिसतो, म्हणून तोच आधी संपणार असं मी धरलं. ४ ग्रॅम म्हणजे २ मोल. तीन मोलला दोन मोल अमोनिया, तर दोन मोलला १.३३ मोल, म्हणजे सुमारे २२.७ ग्रॅम. उत्तर लिहून मोकळी झाले. पण भांड्यात घातलं होतं सगळं मिळून १८ ग्रॅम. त्यातून २२.७ येणार कुठून?

आता नीट करूया. १४ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे अर्धा मोल, कारण रेणू N₂ आहे आणि त्याचा एक मोल २८ ग्रॅमचा. अर्ध्या मोलला हायड्रोजन लागतो दीड मोल. आपल्याकडे दोन आहेत, म्हणजे नायट्रोजन आधी संपतो. अमोनिया होतो एक मोल, १७ ग्रॅम. अर्धा मोल हायड्रोजन उरतो, तो १ ग्रॅम. १७ आणि १ मिळून १८, ताळा जुळला. प्रत्येक गणिताखाली ही बेरीज करा, अर्धं मिनिटही लागत नाही. अनेकजण १४ ला १४ नेच भागतात आणि एक मोल धरतात. तेव्हा हायड्रोजन आधी संपतो असं दिसतं, अमोनिया पुन्हा २२.७ ग्रॅम निघतो आणि हा ताळा तीही चूक पकडतो.

गुरुवार-शुक्रवार बाँडिंग. इथं वाचत बसण्यात अर्थ नाही, वहीत चित्रंच काढायची. मी तोच अमोनिया घेतला. व्हॅलेन्स इलेक्ट्रॉन, म्हणजे आपले संयुजा इलेक्ट्रॉन: नायट्रोजनचे ५, तीन हायड्रोजनचे ३, एकूण ८. तीन बंधांत ६ गेले, उरली एक जोडी, ती नायट्रोजनवर. हायब्रिडायझेशन sp³, म्हणून कोन मिथेनसारखा १०९.५ अंश असेल असं वाटतं. पण ही मोकळी जोडी बंधांच्या जोड्यांना जास्त रेटते आणि कोन १०७ अंशांच्या आसपास येतो. पाण्यात अशा दोन जोड्या, म्हणून १०४.५. रेटण्याचं हे कारण उत्तरात लिहायला विसरू नका, नुसत्या आकड्यावर पूर्ण मार्क मिळत नाहीत.

मग त्याच जोडीला H⁺ जोडा, NH₄⁺ होतो. मोजणी ५ अधिक ४ वजा १, पुन्हा ८. मोकळी जोडी राहत नाही, कोन परत १०९.५. इथला तो वजा १ सुटतो. आणि CO₃²⁻ मध्ये दोन वाढवायचे राहतात: ४ अधिक १८ अधिक २, एकूण २४. म्हणून चित्र काढायच्या आधी चार्ज कंसाबाहेर मोठा लिहायची सवय लावा. चित्र पूर्ण झालं की ठिपके आणि रेघा पुन्हा मोजायच्या, एक रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. मोजणीतला आकडा आला नाही तर चित्र चुकलंय.

शनिवारी जुना पेपर घड्याळ लावून सोडवला. रविवारी नवीन काही उघडलं नाही. शनिवारी चुकलेली तेवढीच गणितं कोऱ्या पानावर पुन्हा केली आणि संध्याकाळी NH₃, H₂O, NH₄⁺ आणि CO₃²⁻ ची चित्रं न बघता काढली. सोमवारी सकाळी खानापूरहून येताना बसमध्ये वही उघडलीच नाही.