अडवलेले डिपॉझिट मागण्यापूर्वी: पत्राची तयारी, कलमवार

घर सोडून पंधरा दिवस झाले, डिपॉझिटचा पत्ता नाही, आणि मग एके संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कपातीची यादी येते. अशा यादीला त्याच रात्री उत्तर देऊ नये. उत्तर एकदाच, लेखी आणि मुद्द्याला धरून द्यावे. त्यासाठी लागणारी तयारी पुण्यातल्या नेहमीच्या ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराच्या एका उदाहरणावरून पुढे सांगितली आहे. उदाहरणातले आकडे बेताचे धरले आहेत, पण कपातीची कलमे बहुतेक घरांत हीच असतात.

असे धरू की दोन शयनगृहांचा फ्लॅट, दरमहा भाडे २२,००० रुपये आणि डिपॉझिट ७५,००० रुपये. एकामागोमाग तीन करार झाले, म्हणजे एकूण ३३ महिने वास्तव्य झाले आणि शेवटचा करार ३१ मार्चला मुदतीनुसार संपला. त्याच दिवशी चाव्या दिल्या. १२ एप्रिलला घरमालकांनी २२,०६० रुपये खात्यावर पाठवले आणि उरलेल्या ५२,९४० रुपयांचा तपशील कळवला. त्यात रंगकाम २४,०००, साफसफाई ६,५००, नवा गिझर ७,८००, वीजबिल १,६४०, सोसायटीचे शुल्क २,००० आणि अपुऱ्या नोटिशीपोटी पंधरा दिवसांचे भाडे ११,००० अशी सहा कलमे आहेत.

पैसे जमा झाल्याचे कळवताना ‘मिळाले, धन्यवाद’ एवढेच लिहून थांबू नये, कारण हिशेब पूर्ण मिटला असा त्याचा अर्थ पुढे लावला जाऊ शकतो. ‘२२,०६० रुपये डिपॉझिटच्या अंशतः परतफेडीपोटी मिळाले, कपातीबाबत स्वतंत्रपणे लिहीत आहे’ असे एक वाक्य त्याच दिवशी पाठवून ठेवावे. मग कागद गोळा करायला घ्यावेत.

सर्वात आधी तिन्ही करार काढावेत, फक्त शेवटचा नव्हे. डिपॉझिट पहिल्या कराराच्या वेळी दिलेले असते आणि पुढच्या करारांत ते नुसते पुढे ओढले जाते, त्यामुळे रक्कम कधी आणि कशी दिली हे पहिल्या करारात आणि त्या महिन्याच्या बँक स्टेटमेंटमध्येच सापडते. नोंदणीकृत करारात डिपॉझिटचा आकडा असतोच, कारण परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज गृहीत धरून ती रक्कमही मुद्रांक शुल्काच्या हिशेबात घेतात. रकमेचा काही भाग रोखीने दिला असेल आणि करारात तो दाखवलेला नसेल, तर पावती किंवा निदान त्याचा उल्लेख असलेला जुना संदेश शोधावा. तेही नसेल तर त्या भागाची मागणी दुबळी आहे हे मनाशी मान्य करूनच पत्र लिहावे. करार नोंदवलेलाच नसेल, तरी लगेच हातपाय गाळण्याचे कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरत नाही तोवर, ग्राह्य धरले जाते.

करारातली तीन ठिकाणे पेन्सिलीने खुणावून ठेवावीत: डिपॉझिट केव्हा परत करायचे आणि त्यातून काय वजा करता येते ते कलम, मुदतीपूर्वी करार संपवण्याचे कलम, आणि शेवटी जोडलेली पंखे, गिझर, कपाटे यांची यादी. वाद जवळजवळ नेहमी या तीन ठिकाणांपैकी कुठेतरी सुटतो. त्यानंतर घरात शिरतानाचे आणि घर सोडतानाचे फोटो काढून तारखेनुसार लावावेत, आणि घरमालकांशी झालेला पत्रव्यवहार व्हॉट्सॲपमधून निर्यात करून ठेवावा. नुसते स्क्रीनशॉट ठेवले की आधीचे-नंतरचे संदेश तुटतात आणि त्यावरून उगाच शंका निघते.

आता रंगकाम. सर्वात मोठी कपात बहुधा हीच असते आणि सर्वात कमी पुराव्यावर केली जाते. करारात ‘घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे वजा होईल’ असे स्पष्ट लिहिले असेल तर तेवढ्या रकमेवर भांडण्यात अर्थ नाही. आपल्या उदाहरणात तसे कलम नाही. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता घर आहे त्या स्थितीत परत करावे’ एवढीच अट आहे. म्हणून भिंतीभिंतीने विचार करावा. दिवाणखान्यातला फिकट पडलेला रंग, स्विचबोर्डाभोवतीचे हातांचे डाग, सोफ्याच्या पाठीमागे उमटलेली रेघ ही झीज झाली. शयनगृहात पुस्तकांच्या फळीसाठी ड्रिलने पाडलेली आठ भोके ही झीज नव्हे, आणि ती आपणहून मान्य करावीत. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला आलेली ओल, तिथले फुगलेले पोपडे आणि बोट लावले की हाताला लागणारी पांढरी पूड हा पाण्याच्या गळतीचा मामला आहे. ती भिंत दुसऱ्या पावसाळ्यातच घरमालकांना फोटोसह कळवलेली असेल तर तो संदेश पत्राला जोडावा.

भोके बुजवून तेवढीच भिंत रंगवली तर जुन्या-नव्या छटा जुळत नाहीत, म्हणून पूर्ण खोली रंगवावी लागली, असे घरमालक म्हणतील, आणि ते रास्त आहे. पण मग प्रश्न एका खोलीचा उरतो, चोवीस हजारांचा नव्हे. शिवाय रंग आपण राहायला येण्याआधी दिलेला होता, म्हणजे तो ३३ महिने वापरला गेला. त्या खोलीच्या रंगकामाचा खर्च ६,००० रुपये आणि रंगाचे आयुष्य चार वर्षे धरले, तर ४८ पैकी १५ महिन्यांचे मोल उरते आणि आपला वाटा १,८७५ रुपये होतो. हे कायद्यात लिहिलेले सूत्र नाही, वाटाघाटीतला एक समंजस हिशेब आहे, आणि पत्रातही तो तसाच मांडावा: ‘शयनगृहातील भिंतीवरील छिद्रांची जबाबदारी मला मान्य आहे. त्या खोलीच्या रंगकामापैकी रंगाच्या उर्वरित आयुष्याच्या प्रमाणात १,८७५ रुपये वजा करण्यास माझी हरकत नाही. उर्वरित रकमेबाबत कोणत्या खोल्या रंगवल्या, त्याआधीचे रंगकाम केव्हा झाले होते आणि ठेकेदाराचे बिल किती झाले, याचा तपशील मिळावा, ही विनंती.’ काम अजून झालेच नसेल आणि २४,००० हा नुसता अंदाज असेल, तर तो या तीन प्रश्नांतच उघडा पडतो. वेगळा आरोप करावा लागत नाही.

गिझरच्या बाबतीत प्रश्न कारणाचा आहे. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसून ती जळते, आणि कॉइल बदलणे व नवा गिझर घेणे यांच्या खर्चात मोठे अंतर असते. म्हणून मेकॅनिकने नेमके काय लिहून दिले, दुरुस्ती शक्य नव्हती का आणि जुना गिझर कोणत्या सालचा होता, हे विचारावे. चाव्या देण्याच्या दिवशी गिझरचा लाल दिवा आणि नळातून येणारे गरम पाणी दाखवणारा व्हिडिओ काढलेला असेल तर तो इथे निर्णायक ठरतो. यंत्राच्या अंगावरच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना-वर्ष असते; घर सोडताना बहुतेक जण मीटरचा फोटो काढतात आणि हा काढायचा विसरतात. कारणाचा कागद येईपर्यंत या कलमात एक रुपयाही मान्य करू नये, मात्र ‘माझ्या वापरातील दोषामुळे नुकसान झाल्याचे दिसल्यास मी फेरविचार करीन’ एवढे जरूर लिहावे.

नोटिशीच्या अकरा हजारांचे उत्तर करारातच आहे. ‘मुदतीपूर्वी करार संपवायचा असल्यास एक महिन्याची लेखी सूचना द्यावी’ असे कलम असताना करार पूर्ण मुदत भरून ३१ मार्चला संपला असेल, तर ते कलम लागूच होत नाही. तरीही २६ फेब्रुवारीला आपण नूतनीकरण करणार नसल्याचे कळवले होते आणि त्यावर ‘ठीक आहे, एजंटला सांगतो’ असे उत्तर आले होते, हे दोन्ही संदेश तारखेसह उद्धृत करावेत. मुदतीआधी घर सोडलेल्यांची बाजू इथे कमी भक्कम असते. त्यांना भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ चा आधार घेता येतो: करारात भरपाईची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा ठरते आणि वाजवी तेवढीच भरपाई मिळते. नवा भाडेकरू लगेच राहायला आला असेल, तर ही बाब उपयोगी पडते.

उरलेली तीन कलमे थोडक्यात निपटतात. साफसफाईचे बिल मागावे; चिमणीच्या जाळीवरचा तेलकट थर फोटोत दिसत असेल तर त्यापोटी १,२०० रुपये मान्य करून टाकावेत. वीजबिलाची प्रत मागावी, शेवटचे रीडिंग आपल्या फोटोशी ताडून पाहावे आणि जुळत असेल तर १,६४० रुपये विनातक्रार मान्य करावेत. सोसायटीच्या दोन हजारांसाठी सोसायटीची पावती मागावी. ते बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे शुल्क, निघाले तर सोसायटी ते सभासदाकडून आकारते, आणि करारात वेगळे ठरलेले नसेल तर भाडेकरूने ते देण्याचे कारण नाही.

एवढे झाले की पत्र जवळजवळ तयार असते. एरवी आपण घरमालकांना काका म्हणत असलो तरी पत्रात ‘आदरणीय महोदय’ हाच मायना ठेवावा. ‘लूट’, ‘फसवणूक’, ‘पोलिसांत जाईन’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत. हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे आणि उद्या हेच पत्र तिसऱ्या माणसाला वाचायचे आहे. पत्राच्या शेवटी हिशेब एका परिच्छेदात द्यावा: ‘एकूण कपात ५२,९४० रुपये. त्यांपैकी मला मान्य असलेली रक्कम ४,७१५ रुपये. उर्वरित ४८,२२५ रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत, अथवा प्रत्येक कपातीच्या पुष्ट्यर्थ बिलाची प्रत पाठवावी.’

पत्र ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठवावेच, पण सही केलेली प्रत करारात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोचपावती मागून पाठवावी. घरमालक परदेशी असतील आणि करारावर कुलमुखत्याराने सही केली असेल, तर दोघांनाही स्वतंत्र प्रत पाठवावी, नाहीतर ‘मला कळलेच नाही’ ही सबब तयार असते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर पुढची पायरी वकिलामार्फत नोटीस ही असते. पैशाच्या अशा दाव्याला साधारणपणे रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते आणि नुसत्या फोनाफोनीने ती वाढत नाही, त्यामुळे देय तारीख, म्हणजे इथे चाव्या दिल्याचा ३१ मार्च, पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेली असावी.